॥ श्री गणेशाय नमः ॥ वास्तुशांती व गृहप्रवेश

सप्रेम नमस्कार वि. वि.,

कुलस्वामिनी श्री तुळजाभवानीच्या कृपेने व वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने आमच्या नूतन वास्तूची शांत अक्षय तृतीयेला योजिली आहे. आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.

रविवार, दि. 19 एप्रिल 2026
(वैशाख शु. 3, शके 1948)

गृहप्रवेश मुहूर्त: सकाळी 11 वा. 12 मि. (पंधरा मिनिटे आधी यावे, मुहूर्त थांबत नाही!)
महाप्रसाद: दुपारी 1 ते 3
तीर्थप्रसाद, हळदीकुंकू: सायं. 5 ते 8

स्थळ: ‘ओसरी’, फ्लॅट 403, ब इमारत, सुरभी सोसायटी, डहाणूकर कॉलनी, कोथरूड, पुणे 411038

गाडी कुठे लावाल? दुचाकी फाटकातून आत, उजवीकडच्या शेडमध्ये. आत चारचाकीच्या जागा सहाच. त्या ज्येष्ठांसाठी राखल्या आहेत. इतरांनी फाटकासमोरच्या गल्लीतील शाळेच्या मैदानात लावाव्यात (परवानगी घेतली आहे, रात्री 9 पर्यंत). रस्त्यावर लावू नये, टोइंगवाले रविवारीही फिरतात. गूगल मॅप मागचे बंद फाटक दाखवतो. सोबतचे लोकेशनच वापरावे. मेट्रोने येणाऱ्यांनी वनाझला उतरून रिक्षा करावी.

कृपया आहेर आणू नये. किती जण येणार ते 15 तारखेपर्यंत याच नंबरवर कळवावे.

आपले नम्र,
सौ. मृणाल व श्री. समीर देशमुख

आमच्या नव्या घरी यायचं हं! – ओवी, अर्णव