विषय: १३ डिसेंबरची गटभेट पक्की, दोन व्हीलचेअर आणि बसण्याची सोय

पाटकर मॅडम, सप्रेम नमस्कार.

सोमवारी फोनवर ठरल्याप्रमाणे शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी साडेदहाची संग्रहालयाची भेट आमच्याकडून पक्की आहे. आम्ही २२ जण आहोत. दोघं व्हीलचेअरवर आहेत, त्याबद्दल आधीच कळवते.

काळेकाकांची व्हीलचेअर बॅटरीवर चालते. रुंदी ६६ सेंटीमीटर, वजन काकांना सोडून ९० किलोच्या आसपास. 'चार जण धरून वर घेऊ' असं सगळीकडे आपुलकीने म्हणतात, पण ही खुर्ची उचलता येत नाही. उचलायला गेलं की हातांचे दांडे निखळून हातात येतात. शिवाय खुर्चीसकट उचलून नेलेलं काकांना अजिबात आवडत नाही. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत आणि मागच्या फाटकाला सामान न्यायचा उतार आहे, असं तुम्ही म्हणालात. तो किती चढा आहे? एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी असेल तर काका एकटे चढतात. मोबाइलवर उताराचा बाजूने काढलेला एक फोटो पाठवलात तरी कळेल. त्या फाटकाला कुलूप असतं, तेव्हा त्या दिवशी किल्ली कोणाकडे असेल तेही सांगा.

लिफ्टचं दार ६६ सेंटीमीटरपेक्षा रुंद आहे ना, हे कृपया टेपने मोजून बघाल का? काका आत मावत नसतील तर आम्ही सगळेच फक्त तळमजला बघू. दोघांना खाली बसवून बाकीच्यांनी वर जायचं नाही, असं आमचं ठरलंय. गाइडना तशी कल्पना द्यावी.

शिंदेमावशींची व्हीलचेअर साधी, घडीची आहे. स्लाइड शोच्या वेळी त्या नेहमीच्या खुर्चीत बसू शकतील, मात्र खुर्चीला हात हवेत. काका स्वतःच्या व्हीलचेअरमध्येच बसतील. तेव्हा दुसऱ्या रांगेच्या कडेची एक खुर्ची काढून तिथे जागा मोकळी ठेवलीत तर काळेकाकूंना त्यांच्या शेजारी बसता येईल. सगळ्यांच्या मागे, भिंतीपाशी जागा नको. चौघांचे गुडघे दुखतात. त्यांना भारतीय बैठक किंवा बिनपाठीची बाकं चालणार नाहीत. दालनांत मधे टेकायला चार खुर्च्या ठेवल्यात तर बरं होईल.

स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे आणि कमोड आहे, हे तुमच्याकडून कळलं. त्याचं दार आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल तर व्हीलचेअर आत घेतल्यावर ते लागत नाही. मग दाराबाहेर आमच्यापैकी कोणीतरी उभं राहील.

बस मागच्या फाटकाशी दहा मिनिटं थांबवायला परवानगी लागते का? बुधवारपर्यंत कळलं तर ड्रायव्हरला तसं सांगता येईल. दुपारी दोननंतर मला केव्हाही फोन करा.

आपली,
वैशाली
(सहलीचं नियोजन)