बजाज चेतक ३५०१: कंपनी सांगते १५३ किमी, कात्रज घाट धरून खरी रेंज किती?

गाडी आमच्या पैशांची, कंपनीने दिलेली नाही. चाचणी पुण्यात, मे महिन्यात, ३६ अंशांच्या उन्हात. स्वारगेट ते खेड शिवापूर, पुन्हा पुन्हा. इको मोड, टायरमध्ये पुस्तिकेत दिलेली हवा, चार्जिंग १०० वरून ५ टक्क्यांपर्यंत.

एकटा चालक (७२ किलो): ११८ किमी. मागे माणूस बसवून: ९७.

१५३ हा प्रमाणित चाचणीतला आकडा. त्यात ना घाटाचा चढ, ना मागच्याचं वजन. त्यामुळे कंपनीला खोटं ठरवणं अन्यायाचं होईल. पण घेणाऱ्याने हिशोब ११८ चाच धरावा.

तुलना टीव्हीएसच्या आयक्यूब स्कूटरच्या ३.५ किलोवॅट-तास मॉडेलशी, कारण बॅटरी तेवढीच. रस्ता, चालक, वेळ तीच. छोट्या बॅटरीची स्वस्त गाडी मुद्दाम टाळली.