क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर (अभ्यास-औषध व्यवस्थापन) या पदासाठी व्यावसायिक सारांश

मी बी. फार्म. असून महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. गेली नऊ वर्षे पुणे जिल्ह्यातील एका तीनशे खाटांच्या, एनएबीएच मानांकित रुग्णालयात काम करते. त्यातली शेवटची चार वर्षे आंतररुग्ण फार्मसीची प्रमुख म्हणून काम पाहते. आयसीयू, मेडिसिन, सर्जरी आणि डायलिसिस या विभागांना माझ्याकडून औषध जाते. रुग्णालयाच्या औषध व उपचार समितीची मी सदस्य आहे आणि दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करण्याचे काम माझ्याकडे आहे. जीसीपीचे प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे. प्रत्यक्ष ट्रायल साइटवर मात्र अजून काम केलेले नाही, त्यामुळे रोज करते त्या कामातले काय तुमच्याकडे जसेच्या तसे उपयोगी पडेल आणि काय बदलावे लागेल, ते या सारांशात मांडते आहे.

औषधाचा हिशेब

फार्मसीत औषध आले की बॅच नंबर, मुदत, संख्या आणि आले तेव्हाचे तापमान तपासूनच ते साठ्यात घेते. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर जाते. मॉर्फिन आणि फेंटानिल दुहेरी कुलपात असतात. तिथे प्रत्येक अँप्युलची नोंद रुग्णाच्या नावावर होते, उरलेला अंश दोघांच्या सहीने वाया घालवला जातो आणि प्रत्येक पाळीला शिल्लक मोजून पुढच्याच्या ताब्यात दिली जाते. शेड्यूल एच-१ चे रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. तेही माझ्याच ताब्यात आहे.

अभ्यास-औषधाच्या अकाउंटेबिलिटी लॉगमध्ये हीच साखळी असते: किती आले, कोणत्या सहभागीला कोणते किट दिले, किती परत आले, किती नष्ट केले आणि शेवटी बेरीज जुळते का. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिर आणि त्यानंतर म्युकरमायकोसिससाठी लायपोसोमल अँफोटेरिसिन यांचा पुरवठा सरकारी वाटपातून व्हायचा, तेव्हा आम्ही असाच हिशेब ठेवत होतो. रेमडेसिव्हिरचा पाच दिवसांचा कोर्स म्हणजे पहिल्या दिवशी २०० मिग्रॅ आणि पुढे रोज १००, म्हणजे १०० मिग्रॅच्या सहा कुप्या. रुग्ण मध्येच बरा होऊन घरी गेला, दुसरीकडे हलवला गेला किंवा दगावला, तर उरलेल्या कुप्या परत साठ्यात आल्याची नोंद लागायची. वापरलेल्या रिकाम्या कुप्यासुद्धा आम्ही रुग्णाचे नाव लिहून ठेवत होतो. बाहेर नातेवाईक एकेका कुपीसाठी शहरभर फिरत असताना आतला हिशेब चोख असणे ही माणुसकीची गोष्ट होती, आणि त्या काळात ती मी मनापासून सांभाळली.

सीडीएससीओची दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या बॅचेसची यादी येते. त्यातली बॅच आमच्याकडे असली तर साठा वेगळा काढून क्वारंटाइनमध्ये ठेवणे, ती कोणत्या वॉर्डात आणि कोणाला गेली ते शोधणे आणि डॉक्टरांना लेखी कळवणे हे मी करते. ट्रायलमध्ये प्रायोजकाने एखादी बॅच परत मागवली तर हेच करावे लागेल.

तापमान

लस, इन्सुलिन, एरिथ्रोपोएटिन हे सगळे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. फ्रीजमध्ये डेटा लॉगर आहे, शिवाय मी पाळीनिहाय वाचनही लिहून घेते. एका रविवारी वीज गेली, जनरेटरवर बदल व्हायला उशीर झाला आणि लॉगरच्या आलेखात तापमान ११ अंशांपर्यंत चढलेले दिसले. मी तो कप्पा ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून बंद केला, आलेख छापून घेतला आणि प्रत्येक उत्पादकाकडून स्थिरतेची माहिती लेखी मागवली. उत्तर येईपर्यंत तिथली एकही कुपी वॉर्डात गेली नाही. ट्रायलमध्ये पहिली कृती हीच असेल, मात्र ते औषध वापरायचे की नाही याचा निर्णय प्रायोजकाचा राहील. माझे काम साठा अडवून ठेवणे आणि पूर्ण माहिती वेळेत पाठवणे एवढेच, हा फरक मला स्पष्ट आहे.

प्रिस्क्रिप्शनची तपासणी आणि पात्रतेचे निकष

औषध देण्याआधी मी रुग्णाचे वय, वजन, किडनी-लिव्हरचे रिपोर्ट, अॅलर्जी आणि आधीपासून चालू असलेली औषधे पाहते. उदाहरणार्थ, ६८ वर्षांची, ४८ किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन १.२. रिपोर्टवरचा हा आकडा पाहून कुणी दचकणार नाही. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि स्त्री असल्याने गुणिले ०.८५ केले की क्लिअरन्स मिनिटाला ३४ मिलि. येतो. बऱ्याच अँटिबायोटिक्सचा डोस इथे बदलतो, आणि असा फोन मी वॉर्डात नियमित करते. एखाद्या ट्रायलच्या प्रोटोकॉलमध्ये क्लिअरन्सची मर्यादा ५० असेल, तर हीच बाई त्या अभ्यासाला अपात्र ठरते. स्क्रीनिंगमध्ये हे वेळीच पकडले नाही तर तिच्या जिवाला धोका होतो आणि अभ्यासात प्रोटोकॉलचे उल्लंघन नोंदवावे लागते.

चालू औषधांची चौकशी हे माझ्या आवडीचे काम आहे आणि ते मी चांगले करते असे मला वाटते. ‘आणखी काही औषधे चालू आहेत का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. म्हणून मी विचारते, ‘सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जातं? काढा, चूर्ण, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी, शेजारच्यांनी दिलेलं काही?’ मग पिशवीतून गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या निघतात. ट्रायलमध्ये सोबतच्या औषधांची नोंद आणि निषिद्ध औषधांची पडताळणी अशाच प्रश्नांनी नीट होते.

सुरक्षा तपासण्या

इन्सुलिनच्या बाबतीत आपल्याकडे एक कायमचा धोका आहे. बाजारात कुप्या ४० युनिट प्रति मिलि.च्याही मिळतात आणि १०० युनिट प्रति मिलि.च्याही. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली तर दहाच्या खुणेपर्यंत ओढलेले औषध प्रत्यक्षात २५ युनिट असते. आमच्या वॉर्डांमध्ये एकाच ताकदीची कुपी ठेवायची आणि तिच्याबरोबरच जुळणारी सिरिंज द्यायची, हा नियम समितीत मी मांडला आणि अमलात आणला. सारख्या दिसणाऱ्या व सारख्या नावाच्या औषधांची यादी, जास्त जोखमीच्या औषधांची दुहेरी तपासणी, पोटॅशियम क्लोराइडचे सांद्र द्रावण सर्वसाधारण वॉर्डातून काढून घेणे, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा की रोज याची प्रत्येक वेळी खातरजमा, ही कामेही चालू आहेत. संशोधनाच्या परिभाषेत ही जोखमीवर आधारित गुणवत्ता-व्यवस्था आहे: चूक कुठे होऊ शकते आणि कुठली चूक सर्वात महाग पडेल हे आधी ठरवायचे, आणि तपासणीची ताकद तिथे लावायची.

दुष्परिणामांची नोंद

फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाच्या फॉर्मवर मी नियमित अहवाल पाठवते. एक प्रसंग थोडा सविस्तर लिहिते, कारण माझी पद्धत त्यातून कळेल. व्हॅन्कोमायसिन सुरू झाल्यावर काही मिनिटांत एका रुग्णाचा चेहरा आणि मान लाल झाली, खाज सुटली. फाइलवर ‘व्हॅन्कोमायसिन अॅलर्जी’ असा शेरा पडला. मी सलाइन कधी लावले, किती वेळात गेले आणि त्रास नेमका कधी सुरू झाला हे नर्सकडून घड्याळाच्या वेळेनिशी लिहून घेतले. एक ग्रॅमचा डोस किमान तासाभरात द्यायचा असतो, तो त्याहून खूप लवकर गेला होता. औषध थांबवताच त्रास ओसरला. रक्तदाब स्थिर होता, श्वासाला त्रास नव्हता. हे सगळे मी फिजिशियनसमोर ठेवले. त्यांनी पुढचा डोस संथ गतीने देण्याचा निर्णय घेतला आणि तो सुरळीत गेला. फाइलवरचा शेरा बदलून ‘गतीशी निगडित प्रतिक्रिया’ असा झाला. तो तसाच राहिला असता, तर पुढच्या गंभीर संसर्गात त्या माणसाला एक महत्त्वाचे औषध नाकारले गेले असते.

प्रतिकूल घटनेच्या नोंदीला जे लागते ते यात आहे: सुरुवात, तीव्रता, केलेली कृती, परिणाम आणि कार्यकारणभाव. नारांजो गुणांकन आणि जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी मी दोन्ही वापरते. तीव्र आणि गंभीर या दोन वेगळ्या कसोट्या आहेत याचे भान मला आहे. असह्य डोकेदुखी तीव्र असेल, पण रुग्णालयात दाखल करावे लागले, जिवाला धोका झाला किंवा कायमचे अपंगत्व आले तर घटना गंभीर. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार संशोधकाने गंभीर घटना २४ तासांत परवाना प्राधिकारी, प्रायोजक आणि नैतिकता समितीला कळवायची असते. त्या मुदतीत बसायचे तर बातमी वॉर्डातून साइटपर्यंत त्याच दिवशी यावी लागते. नर्स आणि निवासी डॉक्टरांशी माझे जे नाते आहे, ते इथे कामी येईल.

ज्या सवयी मला बदलाव्या लागतील

फार्मसीत एक ब्रँड संपला तर डॉक्टरांना विचारून त्याच घटकाचा दुसरा देता येतो. ट्रायलमध्ये किटचा नंबर ठरलेला असतो, तिथे पर्याय नाही. रात्री फोनवरच्या आदेशावर औषध सोडून सकाळी सही घेण्याची सोय तिथे चालणार नाही. रुग्णाला औषध समजावून सांगणे हा माझा धर्म आहे, पण ब्लाइंडेड अभ्यासात गोळी कोणती आहे हे मलाही ठाऊक नसेल, आणि अनब्लाइंडेड फार्मासिस्ट म्हणून नेमले तर ठाऊक असूनही चेहऱ्यावरसुद्धा दिसू देता येणार नाही. हे मी विचारपूर्वक स्वीकारले आहे.

परत आलेल्या गोळ्या मोजण्याची मात्र मला सवय आहे. २८ दिवस, रोज दोन, म्हणजे ५६ गोळ्या लागतात. ६० दिल्या आणि ८ परत आल्या तर ५२ घेतल्या, म्हणजे सुमारे ९३ टक्के. डबी पूर्ण रिकामी आली तर मला जास्त काळजी वाटते, कारण मग हिशेब १०७ टक्क्यांवर जातो. चार गोळ्या सांडल्या, कुणाला दिल्या की एखाद्या दिवशी दुप्पट घेतल्या, हे रागावून नव्हे तर बसवून विचारावे लागते.

नोंदी मी घटनेच्या वेळीच करते. दुरुस्ती असेल तर एकच रेघ, जुना आकडा वाचता येईल असा, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर माझ्या फार्मसीत ठेवलेला नाही.

संमती आणि भाषा

तुमच्या केंद्रातले बरेच सहभागी जुन्नर, आंबेगाव, खेड भागातले असतील असे जाहिरातीवरून समजते. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. माहितीपत्रकातली ‘यादृच्छिक पद्धतीने’ ही शब्दरचना वाचून माणूस मान डोलावतो आणि सही करतो. त्याला ‘कुठलं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल’ असे सांगितले तर तो पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न विचारला जाणे मला महत्त्वाचे वाटते. संमती घेण्याची जबाबदारी संशोधकाची असते. मी त्या खोलीत बसून रुग्णाला काय समजले हे त्याच्याच शब्दांत परत विचारू शकते, आणि ‘मधेच सोडलं तर पुढची ट्रीटमेंट बंद करतील का?’ या भीतीला ‘नाही’ असे ठाम उत्तर देऊ शकते.

नोटीस कालावधी एक महिन्याचा आहे. नोंदणी, पदवी आणि जीसीपी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे अर्जासोबत जोडली आहेत. रुग्णांची ओळख काढून टाकलेले दोन दुष्परिणाम-अहवाल आणि तापमान-विचलनाची एक नोंद मुलाखतीला घेऊन येईन.