गुरुवारची मीटिंग: नेट नसेल तर मी साधा फोन लावते

नमस्कार मडावी सर,

गुरुवारी सकाळी ११ ची ऑनलाइन मीटिंग ठरल्याप्रमाणे आहे, पण तुम्ही तिच्या भरवशावर राहू नका. ११.१० पर्यंत तुम्ही जॉइन झाला नाहीत, तर मी तुमच्या बीएसएनएलच्या नंबरवर साधा फोन लावते. व्हॉट्सअॅप कॉल नाही, त्यालाही नेटच लागतं. तुम्ही फक्त पाण्याच्या टाकीपाशी थांबा, तिथे आवाज नीट येतो असं तुम्हीच म्हणाला होतात. नेट लागत नाही म्हणून भामरागडपर्यंत गाडी पिटाळायची गरज नाही. आणि खरं सांगू का, आपल्या कामाला एकमेकांचे चेहरे दिसायची गरजही नाही.

विषय एकच आहे: ए-२ च्या पायात खडक ड्रॉइंगपेक्षा वर लागलाय, तर फुटिंग कुठल्या लेव्हलला बसवायचं आणि डॉवेल बार किती खोल घ्यायचे.

त्यासाठी दोन गोष्टी आधी लागतील. खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांच्या लेव्हल आणि टेप धरून काढलेले तीन-चार फोटो बुधवारपर्यंत जेव्हा रेंज मिळेल तेव्हा टाकून ठेवा. रात्री दोनला आले तरी चालतील. मी ए-२ ची शीट वेगळी काढून, काळी-पांढरी करून, हलकी पीडीएफ पाठवली आहे. आज गाडी सिमेंटसाठी आलापल्लीला जातेच आहे, तर तिथेच तिचा ए-३ प्रिंट काढून घ्या. मोबाईलवर ती उघडून बोलू असं ठरवू नका. टूजीवर फोन चालू असताना नेट थांबतं. फाइल उतरलेली नसेल तर अडकाल.

फोनवर आकडे सुटे सुटे बोलू. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ खरखरीत सारखेच ऐकू येतात आणि लेव्हलमध्ये तेवढा फरक परवडणार नाही. म्हणजे ९७.६५९ असेल तर ‘नऊ सात, दशांश, सहा पाच नऊ’. मी सांगितलेलं तुम्ही परत वाचून दाखवा, तुमचं मी दाखवते. विभागाच्या शाखा अभियंत्यांनाही मी त्याच कॉलवर जोडून घेईन, म्हणजे त्यांना वेगळं सांगायला नको.

मध्येच फोन तुटला तर तुम्ही लावू नका, मीच लावते. दोघांनी एकदम लावला की दोघांनाही बिझी लागतो. साडेअकरापर्यंत लागलाच नाही तर संध्याकाळी ६ ला पुन्हा करेन.

बोलणं झालं की ठरलेली लेव्हल आणि डॉवेलची खोली मी एसएमएसने पाठवीन, तो रेंज आली की आपोआप पोचतो. तुमचं ‘बरोबर’ असं उत्तर आल्याशिवाय कॉंक्रीट टाकायचं नाही. ठेकेदार घाई करेल, पावसाचं कारण सांगेल. त्याला माझं नाव सांगा.

गुरुवारी ११ ऐवजी दुसरी वेळ सोयीची असेल तर मिस्ड कॉल द्या, मी उलट फोन करते.

मेघना
डिझाइन विभाग, नागपूर