हॉटेलमध्ये पाहुण्यांसाठी स्पा काउंटर चालवण्याबाबत भागीदारी प्रस्ताव

प्रति,
माननीय महाव्यवस्थापक

विषय : जिमशेजारच्या खोलीत आणि लॉबीत स्पा काउंटर सुरू करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या फ्रंट ऑफिस मॅनेजरांनी वेळ काढून जिमशेजारची बंद खोली दाखवली, त्याबद्दल आधी त्यांचे आणि आपले आभार. सध्या तिथे जादा गाद्या आणि घडीच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. त्या खोलीत दोन मसाज टेबलं आणि लॉबीत ट्रॅव्हल डेस्कच्या बाजूला एक लहान काउंटर, एवढ्या जागेत आपल्या ८४ खोल्यांच्या पाहुण्यांसाठी स्पा चालवण्याची आमची तयारी आहे. सामान, माणसं आणि खोलीच्या सजावटीचा खर्च आमचा. आपल्याकडून जागा, वीज, गरम पाणी आणि स्पाचं बिल पाहुण्याच्या खोलीच्या खात्यावर लावण्याची सोय हवी.

स्टीम रूम, जकुझी असं काही मी सुचवत नाही. त्यासाठी नळकाम, ओल काढण्याची यंत्रणा आणि रोजची देखभाल लागते, आणि एवढं करूनही दिवसातला बराच वेळ ते रिकामं राहतं. मसाजला शांत खोली आणि शिकलेले हात पुरतात.

प्रस्ताव देण्याचं खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे चेक-आउट सकाळी ११ ला आणि चेक-इन दुपारी २ ला. पहाटेच्या विमानाने आलेला पाहुणा खोली तयार होईपर्यंत लॉबीत बसून असतो. रात्रीचं विमान असलेला पाहुणा ११ ला खोली सोडतो, बॅगा क्लोक रूममध्ये ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत कुठे टेकायचं हे त्याला कळत नाही. या दोघांना आज हॉटेल सोफा आणि वाय-फाय यांपलीकडे काही देऊ शकत नाही, आणि दोघंही थकलेले असतात. बहुतेक हॉटेलांतले स्पा संध्याकाळच्या गर्दीवर भिस्त ठेवतात. आमचं काउंटर सकाळी ७ ला उघडेल ते या पाहुण्यांसाठीच. त्यांच्यासाठी २० मिनिटांचा मान-खांद्यांचा मसाज खुर्चीत बसून, अंगावरच्या कपड्यांतच, तेलाशिवाय. ३० मिनिटांचा पायांचा मसाज गुडघ्यापर्यंत. दोन्हींनंतर अंघोळीची गरज नाही, त्यामुळे खोली नसली तरी अडत नाही. तेलाचा ६० आणि ९० मिनिटांचा पूर्ण मसाज दुपारी ४ ते रात्री ९ या वेळेत, आधी बुकिंग घेऊन.

लांबच्या प्रवासानंतर पाय सुजतात, कारण तासन् तास बसून राहिल्याने पायांत द्रव साचतो. हलक्या मसाजने त्याला आराम पडतो. पण एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत असेल, गरम किंवा लाल दिसत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मसाज धोक्याचा आहे. अशा पाहुण्याला आमची थेरपिस्ट हात लावणार नाही, ड्यूटी मॅनेजरला कळवून डॉक्टरांकडे पाठवण्याची विनंती करेल. ताप, अलीकडची शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, त्वचेचा संसर्ग, नुकतंच घेतलेलं मद्य या सगळ्यांची विचारणा एका पानाच्या फॉर्मवर होईल. बदाम किंवा तिळाची अ‍ॅलर्जी हाही त्यातलाच प्रश्न, कारण मसाजची बरीच तेलं याच दोन्हींपासून बनतात. ज्यांना ती चालत नाहीत त्यांच्यासाठी बिनवासाचं वेगळं तेल असेल. गरजेप्रमाणे ‘आज मसाज नको’ म्हणण्याची मुभा माझ्या प्रत्येक थेरपिस्टला आहे. त्यात एका ग्राहकाचे पैसे गेले तरी मला चालतात.

आता टॉवेलांबद्दल. हे थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या हाऊसकीपिंगला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटणार आणि ती रास्त आहे. तेल लागलेला टॉवेल साध्या धुलाईत पूर्ण निघत नाही. तो पिवळा पडतो, त्याला खवट वास येतो आणि तो खोल्यांच्या कपड्यांत मिसळला की सगळा गठ्ठा वाया जातो. त्याहून गंभीर म्हणजे, तेल राहिलेले टॉवेल ड्रायरमधून गरम बाहेर काढून तसेच रचून ठेवले तर आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतात. म्हणून स्पाचं एकही कापड आपल्या लाँड्रीत जाणार नाही. आमचे टॉवेल आणि चादरी गडद तपकिरी रंगाच्या असतील, म्हणजे चुकूनही मिसळणार नाहीत. वापरलेले कपडे झाकणाच्या धातूच्या डब्यात जमा होतील आणि रोज रात्री बाहेरच्या लाँड्रीत जातील. तो खर्च आमचाच.

स्पाबद्दल हॉटेलवाल्यांच्या मनात आणखी एक भीती असते. ती बोलून दाखवायला संकोच वाटतो, म्हणून मीच लिहिते. आम्ही पाहुण्यांच्या खोलीत जाऊन सेवा देणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. मसाजच्या खोलीच्या दाराला आतून कडी नसेल. थेरपिस्टच्या हाताशी रिसेप्शनवर वाजणारी घंटा असेल. थेरपिस्ट स्त्री हवी की पुरुष हे पाहुणे बुकिंगच्या वेळी सांगतील. पाहुण्याचं वागणं बिघडलं तर मसाज तिथेच थांबेल, आणि अशा वेळी हॉटेलने आमच्या मुलींच्या पाठीशी उभं राहावं ही माझी अट आहे. करारात ती लेखी हवी. पाहुण्याच्या बाजूनेही तेवढाच विचार केला आहे : बक्षिसी मागणं, तेल विकत घ्यायचा आग्रह, नंतर फोन करणं, यांपैकी काहीही झालं तर ती व्यक्ती पुन्हा आपल्या हॉटेलात दिसणार नाही. पाहुण्यांचे फोन नंबर आम्ही आमच्याकडे ठेवणार नाही.

सुरुवातीला चार प्रशिक्षित थेरपिस्ट आणि एक काउंटर सांभाळणारी व्यक्ती असेल. एका थेरपिस्टकडे दिवसाला पाच तासांहून जास्त मसाज दिला जात नाही. अंगठे आणि मनगटं त्यापुढे टिकत नाहीत, आणि दमलेला हात पाहुण्याला लगेच कळतो. परवाने, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि विमा ही आमची जबाबदारी. सगळ्यांच्या प्रती करारासोबत जोडू.

पैशाचं असं : कर वगळून जी विक्री होईल तिचे २० टक्के हॉटेलला. एखाद्या महिन्यात दोन्ही टेबलांचे निम्म्याहून जास्त तास भरले तर त्या महिन्यासाठी २५ टक्के. स्थिर भाडं सुरुवातीला नसावं, कारण पहिल्या काही महिन्यांत मला घाईने ग्राहक ओढायची वेळ येऊ नये आणि त्याचा त्रास आपल्या पाहुण्यांना होऊ नये. खोलीच्या खात्यावर लागलेल्या बिलांचा हिशेब दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दोघांनी ताडून घ्यावा. दर आपल्या संमतीशिवाय बदलणार नाहीत. तक्रार आली तर परतावा आमच्या वाट्यातून.

आधी तीन महिने चाचणी म्हणून चालवू. नाही जमलं तर ३० दिवसांची सूचना देऊन कोणीही बाहेर पडावं. खोली जशी मिळाली तशी रंगवून परत करू.

निर्णयाआधी आमचं काम बघून घ्यावं अशी विनंती आहे. आपल्या हाऊसकीपिंगच्या तीन-चार जणांना, ज्यांचे खांदे दिवसभर गाद्या उचलून भरून येतात, त्यांना आम्ही एका दुपारी आपल्याच जागेत विनामूल्य मसाज देऊ. आमची परीक्षा त्यांनी घ्यावी, त्यांचं मत आपण आमच्या मागे विचारावं. पुढच्या मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी १२ ते ३ मध्ये मी दोन थेरपिस्टना घेऊन येऊ शकते. कोणता दिवस सोयीचा, ते याच ईमेलवर कळवावं.

आपली विश्वासू,
संचालिका आणि मुख्य थेरपिस्ट

सोबत : सेवांची यादी, आरोग्य फॉर्मचा नमुना, थेरपिस्टची प्रशिक्षण प्रमाणपत्रं, कराराचा मसुदा