विटा-सांगली, पावणेसहाची

पावणेसहाची एसटी विट्याहून निघाली की तासगावापर्यंत खिडकीबाहेर नुसता अंधार. मोबाईलच्या उजेडात वही उघडली. ‘५ ते ६० अंश : अन्नात जंतू वाढायचा धोक्याचा पट्टा.’ पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलेलं. सव्वीस वर्षं मेसमध्ये भात शिजवतेय, पण भात कधी अंशांत मोजला नव्हता.

कवठे एकंदजवळ खड्डा आला नि पान उलटलं. ‘कच्चं मटण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.’ रस खालच्या अन्नावर ठिबकतो म्हणून. सासूबाई फडताळातसुद्धा मटणाचं पातेलं खालीच ठेवायच्या. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

“मावशी, नातवाची वही व्हय?” कंडक्टर.

“माझीच. अकराला अन्नसुरक्षेची परीक्षा हाय.”

तो शेजारी टेकला, वही ओढून घेतली. “सांगा, उरलेलं परत किती गरम करायचं?”

“पंच्याहत्तर. पार आतपर्यंत.”

“आन् किती येळा?”

“एकदाच.”

“आमच्यात आमटी तीनदा गरम हुती,” तो हळूच म्हणाला आणि तिकिटं द्यायला उठला.

माधवनगर आलं. वही पिशवीत सरकवताना हाताला डबा लागला. पहाटे साडेचारला भरलेला भात, खाणार दुपारी दोनला.

अजून कोमट होता.