सीनियर प्लॅनरच्या ऑफरबद्दल: मनापासून आभार, पण आत्ता जमत नाहीये

नमस्कार मॅडम,

उत्तर द्यायला तुम्ही शुक्रवारपर्यंत वेळ दिला होतात, पण माझं ठरलंय तर उगाच ताटकळत कशाला ठेवायचं म्हणून आजच लिहितोय. ही ऑफर मी आत्ता घेऊ शकत नाहीये. पोर्टलवर नुसतं डिक्लाइन दाबून मोकळं होणं बरं वाटेना, तुम्हाला आधी सांगायचं होतं, एचआरला सीसीमध्ये ठेवलंय.

कारण असं की आमच्याकडे सगळं प्लॅनिंग एक्सेलमधून नव्या सिस्टिमवर न्यायचं चाललंय आणि गेल्याच आठवड्यात ते पूर्ण काम माझ्याकडे आलं. इंटरव्ह्यू चालू होते तेव्हा याचा पत्ताच नव्हता, नाहीतर तेव्हाच बोललो असतो. आता हे मध्येच टाकून आलो तर इथल्या टीमची पंचाईत होईल आणि तुमच्याकडे येऊनही माझं अर्धं लक्ष इकडेच राहील. पगाराचा यात काही विषय नाही हां, तुम्ही दिलेला आकडा चांगलाच होता, आणि तो वाढवून घ्यायला हे लिहितोय असं कृपया समजू नका.

दुसऱ्या राऊंडला तुम्ही आणि सरांनी तुमचा चुकलेला फोरकास्ट समोर ठेवून त्यावर माझ्याशी जवळपास वाद घातलात, ते मला फार आवडलं. आपल्या चुका कँडिडेटला कोण दाखवतं सहसा? त्यानंतर मी आमचा सेफ्टी स्टॉक परत बघितला, आम्ही सगळ्या आयटमना सरसकट दोन आठवड्यांचा स्टॉक धरून बसलो होतो, मागणी किती वरखाली होते आणि सप्लायरचा लीड टाइम किती हलतो हे कुणी बघतच नव्हतं. आता ते बदलतोय. नोकरी न घेताही तुमच्याकडून एवढं घेऊन चाललोय म्हणा.

आमचं हे काम पुढच्या एप्रिलपर्यंत मार्गी लागेल. माझ्यासाठी जागा धरून ठेवा असं अजिबात म्हणणार नाही, पण त्यानंतर तुमच्या टीममध्ये काही निघालं तर मला एक मेसेज नक्की टाका, परत पहिल्यापासून सगळे राऊंड द्यायलाही माझी तयारी आहे. मी लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवलीये, एप्रिलनंतर मी स्वतःहूनही विचारेनच.

अजून एक, आधीच्या कंपनीत माझ्यासोबत डिमांड प्लॅनिंग करणारी एक सहकारी सध्या बदल शोधतेय, आकड्यांना माझ्यापेक्षा पक्की आहे. तिला विचारलंय, तिची हरकत नाही. तुम्ही हो म्हणालात तर तिचा सीव्ही पाठवतो, तुमच्याकडे आधीच दुसरं कुणी असेल तर राहू दे.

सरांना माझा नमस्कार सांगा. पोर्टलवरचं आज संध्याकाळी करून टाकतो. काही बोलायचं असेल तर सहानंतर कधीही फोन करा.

निखिल